क्लोजिंग झाल्यावरही मागच्या महिन्याचा नफा बदलत राहतो, कुठे गळतंय ते शोधायचं कसं

लक्षण असं असतं. महिना संपून पाचव्या कामाच्या दिवशी रिपोर्ट जातो, सगळे हुश्श करतात, आणि आठवड्याभराने कुणीतरी वरचा माणूस सिस्टीममधून तोच महिना पुन्हा काढून बघतो तर नफ्याचा आकडा वेगळाच. मग फोन, मग "खरा आकडा कोणता", मग शोधाशोध, आणि पुढच्या महिन्यात परत तेच. तीन-चार माणसांच्या अकाउंट्स टीममध्ये हे इतकं सर्रास होतं की लोक त्याला दुखणं मानतच नाहीत, क्लोजिंग म्हणजे असंच असतं असं धरून चालतात.

यावर सगळ्यात आधी जो उपाय सुचतो तो म्हणजे रिपोर्टची तारीख पुढे ढकलायची. पाचव्याचा सातवा, सातव्याचा दहावा. त्याने काही होत नाही कारण उशिरा येणारी बिलं दहाव्यानंतरही येतच असतात, आणि तारीख पुढे गेली की बिलं पाठवणारेही तितकेच निवांत होतात. तारखेला हात लावण्याआधी आकडा नेमका कशाने हलतोय ते बघा, त्याला अर्धा तास पुरतो.

प्रत्येक एंट्रीला दोन तारखा असतात हे आपण विसरतो. एक व्हाउचरची तारीख, म्हणजे एंट्री ज्या दिवसात बसते ती, आणि दुसरी ती एंट्री सिस्टीममध्ये खरंच केव्हा टाकली ती. दुसरी तारीख नेहमीच्या लेजरमध्ये दिसत नाही पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट लॉग किंवा एडिट लॉगमध्ये असते, तिथून एक्स्पोर्ट मिळतो. फक्त उत्पन्न-खर्चाच्या खात्यांच्या एंट्र्या एक्सेलमध्ये काढा, B कॉलमला व्हाउचरची तारीख, C ला टाकल्याची तारीख, D ला रक्कम, उत्पन्न प्लस आणि खर्च मायनस. H1 ला महिन्याचा पहिला दिवस, H2 ला शेवटचा, H3 ला रिपोर्ट गेला तो दिवस. मग एवढंच:

```
=SUMIFS(D:D,B:B,">="&H1,B:B,"<="&H2,C:C,">="&H3+1)
```

म्हणजे मागच्या महिन्यात बसलेल्या पण रिपोर्ट गेल्यानंतरच्या दिवसापासून टाकलेल्या एंट्र्यांची बेरीज. +१ अशासाठी की टाकल्याच्या तारखेला बऱ्याचदा वेळही चिकटलेली असते, नुसतं "पेक्षा मोठी" लिहिलं तर रिपोर्टच्या दिवशी सकाळी टाकलेल्या एंट्र्याही यात येतात. नफा जितका बदलला तितकाच आकडा इथे यायला हवा. नाही आला तर बहुतेक वेळा दोनच शक्यता उरतात, कुणीतरी जुनी एंट्री उघडून रक्कम किंवा तारीख बदलली, नाहीतर एंट्री डिलीटच केली. डिलीट केलेली एंट्री या यादीत दिसणारच नाही, म्हणून रिपोर्ट पाठवतानाच ट्रायल बॅलन्स एक्सेलमध्ये काढून वेगळा सेव्ह करून ठेवायची सवय लावा, मग आजचा ट्रायल आणि तो ट्रायल शेजारी-शेजारी ठेवला की कुठल्या खात्यात फरक आहे ते लगेच दिसतं.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवलेत. रिपोर्टमध्ये नफा ६,२०,००० गेला होता. बाराव्या दिवशी सिस्टीम दाखवते ५,४७,५००. फरक ७२,५००. यादी काढली तर पाचच एंट्र्या निघाल्या. वाहतुकीचं बिल ३८,०००, गाड्या २७ तारखेपर्यंत येऊन गेल्या होत्या पण बिल पुढच्या महिन्यात सातव्या दिवशी आलं. विजेचं बिल २१,५००, ते दर महिन्याला आठव्या दिवशीच येतं. ग्राहकाची क्रेडिट नोट १८,०००, माल २९ तारखेला परत आला होता पण नोट नवव्या दिवशी बनली. बँकेचे चार्जेस १,२००. आणि एक उलटी, ६,२०० ची, कारण दुरुस्ती खर्चात टाकलेला एक प्रिंटर नंतर कुणाच्या तरी लक्षात आला आणि मालमत्तेत हलवला. चार वजा आणि एक अधिक, ७८,७०० मधून ६,२०० गेले की बरोबर ७२,५००. ताळा लागला.

या पाचांकडे नीट बघा, कारण पाचही उशिराच्याच एंट्र्या असल्या तरी प्रत्येकीचं कारण वेगळं आहे आणि औषधही वेगळं. टीम स्लो आहे म्हणून यातली एकही झालेली नाही, रात्री उशिरापर्यंत थांबून यातलं काहीच सुटलं नसतं.

वाहतूक आणि वीज यांचा रोग एकच, कट-ऑफ, म्हणजे खर्च या महिन्यात की पुढच्या ते ठरवणारी रेघ, बिलावर ठेवलाय. "बिल आलं तर एंट्री" असा नियम असला की खर्च कुठल्या महिन्यात पडणार हे समोरच्या पार्टीचा क्लार्क ठरवतो. खर्च तेव्हा होतो जेव्हा गाडी येऊन गेली, माल गेटमधून आत आला, वीज जळली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जी बिलं हातात आली ती बिलं म्हणून टाकायची आणि जी नाही आली त्यांची प्रोव्हिजन, म्हणजे अंदाजाने खर्चाची एंट्री, करायची, बिलाची वाट बघत बसायचंच नाही. खरेदी विभागाचं ठरलेलं उत्तर असतं, "अहो, बिलच आलं नाही तर आकडा कुठून सांगू?" आकडा असतो. मालाचं असेल तर जीआरएनवर, म्हणजे माल आत घेतल्याच्या नोंदीवर, नग असतात आणि पर्चेस ऑर्डरवर दर असतो, ज्या जीआरएनसमोर बिल लागलेलं नाही त्यांची यादी काढली की गुणाकार करून प्रोव्हिजन तयार. वाहतुकीला गेटचं रजिस्टर असतं, खेपा गुणिले ठरलेला दर. विजेला महिन्याच्या शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा, युनिट गुणिले दर, स्थिर आकार मिळवा, बिलाच्या जवळपास येतं. मीटर बघणं जमत नसेल तर मागच्या दोन-तीन बिलांची सरासरी, पण काम खूप वाढलं-घटलं त्या महिन्यात ती फसते हे लक्षात ठेवा.

मालाची प्रोव्हिजन करताना एक गोष्ट वेगळी. तो खर्च नव्हे, स्टॉक आहे, जोवर विकला गेलेला नाही. प्रोव्हिजन खरेदीत घेतली आणि शेवटचा स्टॉक मोजताना तोच माल धरला नाही तर नफा उगाच खाली जातो, आणि उलट माल मोजला पण खरेदी धरली नाही तर नफा फुगतो. दुसरा प्रकार जास्त वेळा होतो, कारण माल गोडाउनमध्ये डोळ्यासमोर असतो, मोजणारा मोजतोच, बिल मात्र वाटेत असतं. एखाद्या महिन्यात नफ्याचं प्रमाण एकदम छान आणि पुढच्या महिन्यात एकदम वाईट असा झोका दिसला तर बाकी काही बघण्याआधी हे बघा.

आता प्रोव्हिजन म्हटलं की तिचं रिव्हर्सल आलं, आणि निम्मी टीम इथेच अडकते म्हणून जरा सावकाश सांगतो. गेट रजिस्टरवरून वाहतुकीचा अंदाज निघाला ३६,५००. महिन्याच्या शेवटच्या तारखेला वाहतूक खर्च डेबिट ३६,५००, देय खर्च क्रेडिट ३६,५००. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला हीच एंट्री उलटी, म्हणजे नव्या महिन्यात वाहतूक खर्च उणे ३६,५०० ने सुरू होतो. सातव्या दिवशी खरं बिल ३८,००० चं आलं, ते नेहमीसारखं नव्या महिन्याच्या तारखेने टाकायचं. नव्या महिन्यात मागच्या महिन्याच्या वाहतुकीचे राहिले फक्त १,५००, अंदाज तेवढा चुकला म्हणून. मागचा महिना हलला नाही, पुढच्यावर बोजाही पडला नाही.

यात दोन प्रकारे घोळ होतो. पहिला, रिव्हर्सल राहून जातं. मग नव्या महिन्यात बिल पूर्ण ३८,००० चं लागतं, मागच्या महिन्यातही ३६,५०० लागलेलेच असतात, एकच खर्च दोनदा. ओळखायचं कसं, तर देय खर्चाच्या खात्यात जुन्या महिन्याच्या रकमा तशाच पडलेल्या दिसतात. ते खातं महिन्याच्या मध्यावर उघडून बघायचं, त्यात मागच्या महिन्याचं काही उरलंच नाही पाहिजे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जर्नल टाकतानाच ऑटो रिव्हर्सची तारीख देता येते, ती सोय असेल तर डोळे झाकून वापरा, माणसाच्या आठवणीवर हे काम ठेवू नका. दुसरा घोळ जास्त चोरटा असतो. प्रोव्हिजन झाली, रिव्हर्सलही झालं, पण बिल टाकणाऱ्याने जुन्या सवयीने बिलावर छापलेली मागच्या महिन्याची तारीखच व्हाउचरला दिली. आता मागच्या महिन्यात प्रोव्हिजन अधिक बिल असे ७४,५०० खर्च बसलेत आणि नव्या महिन्यात वाहतूक उणे ३६,५०० वर लटकलीये. खर्चाच्या खात्याला क्रेडिट शिल्लक दिसली की नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं असं माझं मत आहे. बिलाची तारीख संदर्भ म्हणून वेगळ्या रकान्यात जाते, व्हाउचरची तारीख चालू महिन्याचीच, हे बिल टाकणाऱ्याला एकदा बसवून समजावलं की पुरतं, आणि लॉक लावलेलं असेल तर समजवायचीही गरज नाही, सिस्टीमच घेत नाही. लॉकचं पुढे सांगतो.

प्रत्येक किरकोळ खर्चाची प्रोव्हिजन करत बसू नका. एक मर्यादा ठरवा, समजा ५,०००, त्याखालचं जेव्हा येईल तेव्हा टाकायचं. आणि एक नेहमीची यादी बनवा, भाडं, वीज, फोन-इंटरनेट, वाहतूक, सुरक्षा, कन्सल्टंटची फी, कर्जावरचं व्याज, जे खर्च दर महिन्याला असतातच पण बिल उशिरा येतं ते. तिसऱ्या दिवशी ही यादी आणि खर्चाची खाती समोरासमोर ठेवायची, ज्याच्यापुढे शून्य आहे त्याची प्रोव्हिजन राहिली. यादी नसेल तर नेमकं जे राहिलं ते दिसत नाही, कारण न आलेलं बिल टेबलावर पडलेलं नसतं.

क्रेडिट नोटचा मामला वेगळा. तिथे अंदाज लावायची गरजच नव्हती, माल २९ तारखेलाच दारात उभा होता, फक्त स्टोअरकडून अकाउंट्सला कागद आला नाही. याला साधं औषध आहे, शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्टोअर आणि डिस्पॅचकडून चार नंबर लिहून घ्यायचे. शेवटचा जीआरएन नंबर, शेवटचं डिलिव्हरी चलन, शेवटचं विक्री बिल, शेवटची माल परत आल्याची नोंद. चिठ्ठीवर, मेलवर, मोबाईलवर फोटो काढून, कसंही चालेल. मग पहिल्या दिवशी अकाउंट्समध्ये बघायचं की त्या नंबरापर्यंतचं सगळं याच महिन्यात आहे का आणि त्याच्या पुढचं एकही याच महिन्यात घुसलेलं नाही ना. चलन ४१२ वर महिना संपला आणि ४१४ चं बिल शेवटच्या तारखेचं दिसतंय, तर माल पुढच्या महिन्यात गेलाय आणि विक्री मात्र आत्ता धरलीये. सेल्सवाले टार्गेटसाठी हे करतात, त्यांना वाईट वाटेल तर वाटू दे, ते बिल पुढच्या महिन्यात जातं. परत आलेल्या मालाच्या नोंदीसमोर क्रेडिट नोट नसेल तर त्याच दिवशी बनवून घ्यायची, आणि माल तपासून रक्कम ठरायला वेळ लागणार असेल तर मूळ बिलाच्या दराने प्रोव्हिजन.

बँकेचे १,२०० रक्कम म्हणून काहीच नाहीत, पण ते उशिरा का आले ते महत्त्वाचं आहे. बँक रेको, म्हणजे आपली बँकेची नोंद आणि बँक स्टेटमेंट जुळवणं, सगळ्यात शेवटी केला जात होता, "निवांत बसून करू" म्हणून. चार्जेस, व्याज, परत गेलेला चेक, ग्राहकाने न सांगता भरलेले पैसे, या गोष्टी बँक स्टेटमेंट बघितल्याशिवाय कळत नाहीत, आणि त्या कळल्याशिवाय येणी बरोबर होत नाहीत. म्हणजे बँक रेको पहिल्या दिवशी संपलाच पाहिजे, आणि तो एका दिवसात संपायचा असेल तर महिनाभर दर आठवड्याला करावा लागतो. आठवड्याचा रेको अर्ध्या तासाचा असतो, महिन्याचा एकदम करायला बसलं की दोन दिवस जातात. रेकोमधल्या उरलेल्या ओळींचं वयही बघत जा. शेवटच्या दिवशी भरलेला चेक दोन दिवस उघडा दिसणं ठीक, पण तीन आठवडे जुनी "जमा व्हायची" रक्कम म्हणजे बहुतेक दोनदा टाकलेली पावती नाहीतर दुसऱ्याच बँक खात्यात गेलेली.

प्रिंटरचं कारण रिव्ह्यू उशिरा होतो हे. खर्चाच्या खात्यात ठरावीक रकमेवरच्या सगळ्या एंट्र्या दुसऱ्या दिवशीच डोळ्याखालून घालायच्या, कारण मालमत्तेत काही हलवायचं असेल तर घसाऱ्याआधी हलवलं पाहिजे. घसारा टाकून झाल्यावर मालमत्ता सापडली की दोन एंट्र्या बदलाव्या लागतात.

आता हे सगळं कॅलेंडरमध्ये कसं बसवायचं. तारखांनी लिहू नका, "५ तारीख" म्हटलं आणि मध्ये दोन सुट्ट्या आल्या की टीमला तीनच दिवस मिळतात. कामाच्या दिवसांनी लिहा, डे १, डे २, आणि महिना संपण्याआधीचे डे उणे ३, उणे २. खऱ्या तारखा एक्सेलकडून काढून घ्या. A1 मध्ये त्या महिन्यातली कुठलीही तारीख आणि सुट्ट्यांच्या यादीला Holidays असं नाव दिलंय असं धरून, पहिली ओळ डे ५ ची आणि दुसरी डे उणे ३ ची:

```
=WORKDAY(EOMONTH(A1,0),5,Holidays)
=WORKDAY(EOMONTH(A1,0)+1,-3,Holidays)
```

हे शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. फक्त रविवार सुट्टी असेल तर हे:

```
=WORKDAY.INTL(EOMONTH(A1,0),5,11,Holidays)
```

तीन माणसांची टीम धरू, एक देणी बघणारा, एक येणी आणि बँक बघणारा, आणि एक हेड जो रिव्ह्यू करतो. डे उणे ५ ला खरेदी, स्टोअर आणि सगळ्या विभागांना मेल, कुठला कागद कधीपर्यंत हवा ते तारीख-वेळेसकट, आणि मोठ्या सप्लायरांकडे स्टेटमेंट मागायचं. डे उणे ३ ला कर्मचाऱ्यांचे खर्चाचे क्लेम आणि पेटी कॅश बंद, त्यानंतरचं पुढच्या महिन्यात. त्याच दिवशी भाडं, आगाऊ भरलेल्या विम्यातला या महिन्याचा हिस्सा, अशा ज्या एंट्र्यांचा आकडा आधीच माहीत असतो त्या शेवटच्या तारखेने टाकून मोकळं व्हायचं. लोक या सगळ्या डे ३ ला टाकतात आणि मग म्हणतात वेळ पुरत नाही. शेवटच्या दिवशी ते चार नंबर, स्टॉकची आणि रोख रकमेची मोजणी.

डे १, बँक रेको आणि विक्री पूर्ण, संध्याकाळी विक्रीचं मॉड्यूल बंद. डे २ दुपारी बारा, बिलांचा कट-ऑफ, दुपारनंतर मोठ्या खर्चांचा रिव्ह्यू. डे ३, प्रोव्हिजन, पगाराची एंट्री, घसारा, संध्याकाळी देण्यांचं मॉड्यूल बंद. डे ४ ला सकाळी देण्या-येण्यांचे रेको आणि सस्पेन्स, म्हणजे कुठे टाकायचं ते न ठरलेल्या रकमांचं खातं, रिकामं, दुपारी पहिला ट्रायल हेडच्या हातात. डे ५ दुपारपर्यंत दुरुस्त्या, मग पूर्ण लॉक, ट्रायल सेव्ह, संध्याकाळी रिपोर्ट. प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव आणि एक पर्यायी नाव लिहायचं, "टीम" असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं.

क्रम का महत्त्वाचा ते डे ४ च्या रेकोवरून सांगतो. देण्यांच्या कंट्रोल खात्यात, म्हणजे सगळ्या सप्लायरांच्या एकत्र खात्यात, शिल्लक ८,४२,००० आणि सप्लायर एजिंगची, म्हणजे कुणाचं किती आणि किती जुनं देणं बाकी आहे त्या यादीची, बेरीज ७,९७,०००, फरक ४५,०००. लोक लगेच बिलं शोधायला लागतात. आधी एजिंगच्या वरती कुठली तारीख आहे ते बघा. ट्रायल महिन्याच्या शेवटच्या तारखेचा असतो आणि एजिंग बऱ्याचदा "आज" ची निघते, डे ३ ला एका सप्लायरला ४५,००० गेले होते, तेवढाच फरक. एजिंग शेवटच्या तारखेला सेट करून पुन्हा काढली की जुळतं. तरीही नाही जुळलं तर कुणीतरी कंट्रोल खात्यात थेट जर्नल टाकलंय, सप्लायरचं नाव न देता, त्या खात्यातल्या फक्त जर्नल व्हाउचर फिल्टर करा, सापडेल. पण देण्यांचं मॉड्यूल बंद नसताना हा रेको करायला घेतला तर सकाळी जुळलेलं दुपारी तुटतं, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. तोच दिवस लोक "रेकोला वेळ लागतो" म्हणून सांगतात.

लॉकबद्दल. एकदम सगळं लॉक करू नका, वर म्हटलं तसं मॉड्यूल एकेक करून. डे ५ नंतर उघडायचा अधिकार फक्त हेडकडे, पासवर्ड कुणालाही फोनवर सांगायचा नाही, "एकच एंट्री आहे हो" म्हणणाऱ्यालाही नाही. सॉफ्टवेअरमध्ये महिना लॉक करायची सोय नसेल तर युजरच्या हक्कांमध्ये मागच्या तारखेची एंट्री बंद करता येते का ते बघा, तेही नसेल तर वरचा SUMIFS दर सोमवारी चालवा, रोखता नाही आलं तरी दिसेल तरी.

लॉक झाल्यावर खरोखर काही सापडलं तर काय, यासाठी रक्कम आधीच ठरवा. आपल्या उदाहरणात नफा सहा लाखांच्या आसपास आहे, तर २५,००० च्या आतलं जे सापडेल ते चालू महिन्यात टाकायचं आणि एका वेगळ्या यादीत लिहायचं. त्यावरचं असेल तर महिना उघडायचा, पण मग रिपोर्टही पुन्हा पाठवायचा, वर "सुधारित २" असं लिहून आणि काय बदललं ते एका ओळीत सांगून. आकडा बदलला पण रिपोर्ट जुनाच फिरतोय हीच तर मूळ तक्रार होती. ती वेगळी यादी मात्र दर महिन्याला बेरजेने बघा, कारण १२,०००, ९,०००, १४,००० असे तीन खर्च सुटलेले असतील तर प्रत्येक एकटा मर्यादेत आहे आणि मिळून ३५,००० होतात. एकाच बाजूला झुकणारी यादी म्हणजे प्रोव्हिजन नियमितपणे कमी पडतेय.

डे ८ ला पंधरा मिनिटं ती उशिराची यादी घेऊन बसा, फक्त तीच. आपल्या पाच एंट्र्यांपैकी दुसऱ्या महिन्यात वीज आणि बँक चार्जेस गायब व्हायला हवेत, ते सगळ्यात सोपे आहेत. वाहतुकीत अंदाजाचा फरक उरेल, तो दोन-चार टक्क्यांत असेल तर सोडून द्या, सलग तीन महिने त्याच दिशेने असेल तर गेट रजिस्टरवरचा दर जुना आहे. क्रेडिट नोट सगळ्यात हट्टी असते, कारण तिथे अकाउंट्सचा माणूस काही करू शकत नाही, स्टोअरच्या माणसाने माल परत आला की त्याच दिवशी नोंद केली पाहिजे. दोन महिन्यांनीही ती यादीत दिसत असेल तर स्टोअरच्या साहेबांशी हेडने स्वतः जाऊन बोलायचं, मेल करून हे होत नाही.

वर्षाच्या शेवटच्या महिन्याला मात्र हे पाच दिवसांचं गणित लावू नका. त्या महिन्यात ऑडिटरच्या एंट्र्या येणार, पूर्ण स्टॉकची मोजणी होणार, बुडीत येण्यांचा निर्णय व्हायचा असतो, आणि ५,००० ची प्रोव्हिजनची मर्यादाही खाली आणावी लागते. तिथे डे ५ ला "तात्पुरता" असं ठळक लिहून रिपोर्ट द्यायचा, आणि पक्क्या आकड्याची तारीख ऑडिटरशी बोलून त्याच कागदावर टाकायची.